पीएफच्या ओळीमागचा मूळ पगार

शेजारच्या वहिनींनी भोसरीतल्या एका कारखान्यात नऊ वर्षं स्टोअर सांभाळलं आणि यंदा नोकरी सोडली. हिशेबाच्या कागदावर सही करण्याआधी ग्रॅच्युइटी किती बसते हे त्यांना स्वतः काढून पाहायचं होतं. ग्रॅच्युइटी मोजतात ती शेवटच्या मूळ पगारावर आणि महागाई भत्त्यावर. त्यांच्या पगारपत्रकावर मात्र मूळ पगार वेगळा दाखवलेलाच नव्हता. वर ‘एकूण पगार ३१,०००’ आणि खाली दोन कपाती, पीएफ २,३४० आणि व्यवसाय कर २००. नेमणूकपत्र घर बदलताना कुठं गेलं ते त्यांनाही आठवेना.

“भाऊजी, बेसिक कुठंच लिहिलेलं नाही,” त्या म्हणाल्या.

लिहिलेलं नव्हतं, पण २,३४० या आकड्यात ते होतं. भविष्यनिर्वाह निधीसाठी कर्मचाऱ्याच्या पगारातून कापतात ते मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेचे १२ टक्के. घरभाडे भत्ता, ओव्हरटाइम, बोनस यांवर पीएफ कापत नाहीत. म्हणून कपातीला १२ ने भागून १०० ने गुणलं की ती बेरीज हाती येते. कॅल्क्युलेटर जवळ नसेल तर मी कपातीची आठपट करतो आणि तिच्यात कपातीचा तिसरा हिस्सा मिळवतो. २,३४० ची आठपट १८,७२०, तिसरा हिस्सा ७८०, बेरीज १९,५००.

पीएफची कपात पूर्ण रुपयात करतात, पैसे उरत नाहीत. त्यामुळे उलट येताना उत्तरात चार-चार रुपयांची ढिलाई राहते. पगार १९,४९६ असो की १९,५०४, कपात २,३४० च होते. पण मूळ पगार सहसा शेकड्यात किंवा हजारात ठरलेला असतो, म्हणून या आठ रुपयांच्या फटीत बसणारा सरळ आकडा धरायला हरकत नाही. तुमचं उत्तर १७,८९३ असं काहीतरी वेडंवाकडं आलं, तर बहुधा महागाई भत्ता त्यात मिसळलेला असतो किंवा त्या महिन्यात बिनपगारी रजा झालेली असते.

वहिनींकडं अशा रजेच्या महिन्याचंही पत्रक होतं आणि मला तेच जास्त मोलाचं वाटलं. जूनमध्ये सासूबाईंच्या आजारपणात त्यांचे चार दिवस बिनपगारी गेले होते. त्या महिन्याचा पीएफ २,०२८. तो उलटा फिरवला की १६,९०० येतात. हा २६ दिवसांचा पगार. २६ ने भागून ३० ने गुणलं की पुन्हा १९,५००. दोन वेगळ्या महिन्यांच्या कपाती एकाच आकड्याला येऊन मिळाल्या की त्या आकड्यावर भरवसा ठेवता येतो. काही कारखाने महिना २६ दिवसांचा धरतात, तिथं भागाकारही तसाच करावा लागतो.

तरी एक शंका उरते. काही जण स्वतःहून १२ टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम पीएफमध्ये टाकतात, आणि पत्रकावर ती एकाच ओळीत मिसळलेली असू शकते. शिवाय वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या आस्थापना, विडी, वीटभट्टी, काथ्या असे काही उद्योग इथं दर १० टक्के असतो. तिथं हेच २,३४० म्हणजे २३,४०० रुपये झाले असते. याचा उलगडा पीएफच्या पासबुकात होतो. यूएएन टाकून पासबुक उघडलं की प्रत्येक महिन्यासमोर EPF Wages असा रकाना दिसतो. मालकानं पीएफसाठी किती पगार कळवला, ते त्यात असतं. त्याच ओळीत पुढं कर्मचाऱ्याचा हिस्सा, मालकाचा हिस्सा आणि पेन्शनचा हिस्सा. वहिनींच्या ओळीत मालकाचे १,०९० आणि पेन्शनचे १,२५० होते. दोन्ही मिळून बरोबर २,३४०. त्यांनी जादा रक्कम टाकली असती तर त्यांचा हिस्सा या बेरजेपेक्षा मोठा दिसला असता. ज्या कंपन्यांचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट असतो, त्यांचं पासबुक मात्र त्या ट्रस्टकडंच पाहावं लागतं.

पेन्शनच्या त्या १,२५० च्या मागं १५,००० रुपयांची मर्यादा आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये ती ६,५०० वरून इथं आली. मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शनला जातात, पण या मर्यादेपर्यंतच्या पगारावरच. आणि पगार याहून जास्त असला तरी कायद्यानं १५,००० वरचाच पीएफ कापून थांबायची मुभा मालकाला आहे. म्हणून हजारो पगारपत्रकांवर पीएफची ओळ दरमहा तीच असते, १,८००.

इथं उलटी वाट अडते. १,८०० वरून उत्तर १५,००० च येणार, मग खरा मूळ पगार १६,००० असो की ६०,०००. या आकड्यावरून एवढंच कळतं की मूळ पगार १५,००० पेक्षा कमी नाही. बँकेत किंवा नव्या नोकरीच्या मुलाखतीत अशा पत्रकावरून १५,००० बेसिक सांगणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांचं नुकसान होताना पाहून वाईट वाटतं. अशा वेळी बिनपगारी रजेचा महिना पुन्हा शोधावा. समजा तीस दिवसांच्या महिन्यात बारा दिवस बिनपगारी गेले आणि पीएफ १,८०० वरून १,५८४ झाला. तो उलटा फिरवला की १३,२००, म्हणजे अठरा दिवसांचा पगार, आणि त्यावरून पूर्ण महिन्याचे २२,०००. कमावलेला पगार मर्यादेच्या खाली घसरला की खरा आकडा असा बाहेर येतो. पण कपात नेमकी १,०८० झालेली दिसली, तर कंपनीनं १५,००० ची मर्यादाच दिवसांच्या प्रमाणात कापलेली असते. मग पत्रकातून काही निघत नाही आणि नेमणूकपत्र किंवा पगारवाढीचं पत्रच मागावं लागतं.

वहिनींच्या पत्रकावर महागाई भत्त्याची ओळ नव्हती. पण ग्रॅच्युइटीसाठी दोन्हींची बेरीजच धरतात, त्यामुळं १९,५०० त्यांना पुरेसे होते. १९,५०० गुणिले १५ भागिले २६, म्हणजे वर्षाला ११,२५०. नऊ वर्षांचे १,०१,२५०.

कंपनीच्या कागदावर ७७,८८५ लिहिलं होतं.

तोही आकडा आम्ही उलटा फिरवला. नऊनं भागलं, २६ नं गुणलं, १५ नं भागलं, आणि उत्तर आलं १५,०००. पीएफची मर्यादा कोणीतरी ग्रॅच्युइटीला लावली होती, आणि ग्रॅच्युइटीच्या हिशेबात अशी पगाराची मर्यादा नाही. वहिनींनी सही केली नाही. दोन महिन्यांची पत्रकं, पासबुकाची छापील प्रत आणि भागाकाराचा तो कागद घेऊन त्या कार्यालयात गेल्या. हिशेबनीसानं पासबुकातला EPF Wages चा रकाना पाहिला आणि २३,३६५ रुपयांची दुरुस्ती त्यांच्यासमोर केली.