मेडिकलबद्दल अभिप्राय लिहिताना आधी बिल बघा

साताऱ्यातल्या पोवई नाक्यावरच्या किंवा सांगलीत विश्रामबागेतल्या मेडिकलबद्दल लिहिताना गोळीने गुण आला की नाही, हे त्यात येऊ नये; तो डॉक्टरांचा प्रांत. दुकानाचं काम बिलात दिसतं. समजा, १५ गोळ्यांच्या स्ट्रिपवर १२० रुपये छापलेत आणि तुम्ही १० घेतल्या, तर ८० रुपयांपेक्षा जास्त लागू नयेत. जीएसटी छापील किमतीतच धरलेला असतो. तो वर वेगळा लावला असेल तर बिल चुकलं. मग बॅच नंबर स्ट्रिपशी जुळवा. एकाच गोळीच्या दोन बॅचची किंमत वेगळी असू शकते, आणि संगणकात दुसरीच बॅच निवडली गेली की रक्कम चुकते. कापून दिलेल्या तुकड्यावर नंबर नसेल, तर उरलेली स्ट्रिप दाखवायला सांगा. चूक दाखवल्यावर दुकानदाराने बिल लगेच दुरुस्त केलं, तर तेही आवर्जून लिहा.

एखाद्या दिवशी माल नव्हता म्हणून नावं ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. कधी येईल ते सांगितलं का, आणि त्या वेळी आला का, एवढं नोंदवा. वागणुकीत मी एकच गोष्ट पाहतो: गर्दीत गिऱ्हाइकाचा आजार चारचौघांना ऐकू जाईल असं बोललं जातं का.