कल्याण ते नागपूर: तिकिटापलीकडचा हिशेब

दिवाळीला नागपूरला जायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो तो तिकिटाचा. पण खर्च घराच्या दारात सुरू होतो आणि पाहुण्यांच्या दारात संपतो.

समजा, कल्याणचं एक कुटुंब आहे: आई-बाबा, आजी आणि आठ वर्षांची मुलगी. विमानाचं तिकीट माणशी ४,५०० रुपये धरलं, तर चौघांचे १८,००० होतात. रेल्वेच्या थर्ड एसीचे साधारण १,४५० धरले, तर ५,८००. मुलीला स्वतंत्र बर्थ हवा असेल, तर रेल्वेतही तिचं पूर्ण भाडं लागतं. अर्ध्या तिकिटात बर्थ मिळत नाही.

खरी तफावत यानंतर दिसू लागते. विदर्भ एक्सप्रेस कल्याणला थांबते, त्यामुळे रिक्षाचे शंभर रुपये पुरतात. विमानतळ मात्र मुंबईत. बॅगांसह टॅक्सीचे दीड हजार सहज जातात, शिवाय वाहतूक कोंडीच्या धास्तीने घरून चार-साडेचार तास आधी निघावं लागतं.

मग सामान. देशांतर्गत विमानात बहुधा माणशी १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातातलं, एवढीच मुभा असते. फराळाचे डबे, भेटवस्तू, आजीची पिशवी असं करत चौघांच्या बॅगा ६८ किलो भरल्या, तर ८ किलो जास्त झाले. काउंटरवर किलोला ६०० रुपये दर असेल, तर तिथेच ४,८०० गेले. घरी वजनकाट्यावर बॅग ठेवून बघितली आणि जादा वजनाचे पैसे आधीच ऑनलाइन भरले, तर ही रक्कम बरीच कमी होते. लोणच्याची बरणी हातातल्या बॅगेत ठेवली, तर तपासणीत अडू शकते. थर्ड एसीत मोठ्या माणसामागे ४० किलो सामान मोफत नेता येतं.

विमानतळावरचं खाणं ९०० आणि नागपुरातली टॅक्सी ४०० धरली, तर विमानाचा आकडा २५,६०० होतो. रेल्वेत रात्रीच्या पोळी-भाजीचा डबा घरचाच. सकाळचा चहा-नाश्ता २५० आणि नागपूरची रिक्षा २०० धरूनही सगळे मिळून ६,३५० रुपये. तिकिटांतला फरक १२,२०० होता, तो १९,२५० वर गेला.

वेळेचं गणितही वाटतं तितकं एकतर्फी नाही. उड्डाण दीड तासाचं, पण दारापासून दारापर्यंत सहा-सात तास जातात. गाडीला चौदा-एक तास लागतात, पण त्यातली रात्र झोपेत जाते.

अर्थात रेल्वेचा हा हिशेब कन्फर्म तिकिटावर उभा आहे. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि दिवाळीच्या गाड्या लगेच भरतात. चार्ट लागल्यावरही ई-तिकीट पूर्ण वेटिंगवरच राहिलं, तर ते आपोआप रद्द होतं, आणि ऐनवेळी विमानाचं भाडं दुप्पटही झालेलं असू शकतं. थर्ड एसीच्या तत्काळला तिकिटामागे ३०० ते ४०० रुपये जादा पडतात, पण चार जागा मिळतीलच असं नाही. कुटुंब अंधेरीत राहत असेल, सामान थोडं असेल आणि विमानाचं तिकीट दोन महिने आधी स्वस्तात मिळालं असेल, तर टॅक्सीचा आणि जादा वजनाचा बराचसा खर्च वाचतो आणि विमानाचं पारडं पुष्कळ हलकं होतं.