वीस हृदये आणि पाच वेळा नव्याने शिकणे

2018 साली वैद्यकीय प्रतिमांच्या संशोधकांसाठी एक स्पर्धा झाली, ‘मेडिकल सेगमेंटेशन डिकॅथलॉन’. शरीराच्या दहा वेगवेगळ्या भागांचे एमआरआय आणि सीटी स्कॅन संगणकाला द्यायचे आणि त्यातला हवा तो अवयव किंवा गाठ त्याने नेमकी आखून दाखवायची, अशी ती दहा कामे होती. त्यातले एक काम हृदयाचे होते. लंडनच्या किंग्ज कॉलेजकडून आलेल्या एमआरआयमध्ये डावे अलिंद, म्हणजे हृदयाचा वरचा डावा कप्पा, ओळखायचा होता. शिकण्यासाठी दिलेले स्कॅन फक्त 20. आणखी 10 स्कॅन अंतिम परीक्षेसाठी होते आणि त्यांची उत्तरे आयोजकांनी स्वतःकडे ठेवली होती.

इतके थोडे स्कॅन का? एका एमआरआयमध्ये पातळ कापांसारख्या कित्येक प्रतिमा असतात. प्रत्येक कापावर जाणकाराने कप्प्याची कड हाताने आखल्याशिवाय संगणकाला ‘बरोबर उत्तर’ मिळत नाही. एमआरआय रुग्णालयांत रोज निघतात, पण असे आखलेले एमआरआय दुर्मीळ असतात.

आता या 20 स्कॅनवर न्यूरल नेटवर्क शिकवले, तर ते चांगले शिकले की नाही हे कसे ठरवायचे? ज्या स्कॅनवर ते शिकले त्यांच्यावरच तपासून उपयोग नाही, कारण ते स्कॅन त्याने जवळजवळ पाठ केलेले असतात. म्हणून सरळ उपाय असा दिसतो, की 16 स्कॅनवर शिकवायचे, 4 बाजूला ठेवायचे आणि त्या चारांवर गुण द्यायचे. गुण मोजायला ‘डाइस’ नावाचे माप वापरतात. संगणकाने आखलेला भाग आणि जाणकाराने आखलेला भाग तंतोतंत जुळले तर 1, अजिबात जुळले नाहीत तर 0.

अडचण त्या चारांतच आहे. समजा, 19 रुग्णांवर नेटवर्कला 0.92 गुण मिळतात आणि एका रुग्णाचा स्कॅन धूसर असल्याने तिथे 0.70 मिळतात. तो रुग्ण बाजूला ठेवलेल्या चारांत आला तर सरासरी 0.865 पर्यंत खाली येते, नाही आला तर 0.92 दिसते. नेटवर्क बनवण्याची रीत तीच, पण चिठ्ठी कोणाची निघाली यावर निकाल फिरतो. दोन संशोधकांच्या पद्धतींमधला खरा फरक बहुधा यापेक्षा लहान असतो, त्यामुळे अशा एकाच वाटणीवरून कोणाची पद्धत सरस हे ठरवणे मला धोक्याचे वाटते.

‘के-फोल्ड क्रॉस-व्हॅलिडेशन’ ही यावरची तोड आहे. ‘के’ म्हणजे गटांची संख्या. आपल्या उदाहरणात 20 रुग्णांचे चार-चारांचे पाच गट करायचे. पहिल्या फेरीत पहिला गट बाजूला ठेवून उरलेल्या 16 वर शिकवायचे आणि बाजूच्या चारांवर तपासायचे. दुसऱ्या फेरीत दुसरा गट बाजूला, आणि असेच पाचव्यापर्यंत. शेवटी प्रत्येक रुग्ण एकदाच तपासला गेलेला असतो, तोही त्याला कधीही न पाहिलेल्या नेटवर्ककडून. वरच्या उदाहरणात सरासरी 0.909 येते. तो अवघड रुग्ण आता निकालात वीसांतला एक म्हणून मोजला जातो, निकाल बिघडवत नाही आणि त्यातून गळतही नाही.

याची किंमत किती? हायडेलबर्गच्या जर्मन कर्करोग संशोधन केंद्रात फाबियन इझेन्से आणि सहकाऱ्यांनी बनवलेल्या nnU-Net या प्रणालीने ती स्पर्धा जिंकली, आणि पाच फेऱ्या हा तिच्या नेहमीच्या रीतीचाच भाग आहे. तिच्या आजच्या आवृत्तीत हृदयाच्या कामाची पहिली फेरी अशी सुरू होते:

```
nnUNetv2_train 002 3d_fullres 0
```

शेवटचा आकडा फेरीचा. तो 0 पासून 4 पर्यंत बदलत पाच वेळा आज्ञा द्यायची. प्रत्येक फेरीत ठरलेली 1000 आवर्तने होतात आणि प्रत्येक आवर्तनात 250 पायऱ्या. पायरी म्हणजे स्कॅनचे काही तुकडे दाखवणे, चूक मोजणे आणि नेटवर्कमधले लक्षावधी आकडे किंचित सरकवणे. एका फेरीत अशा अडीच लाख पायऱ्या, पाचांत साडेबारा लाख. सपाट कापांवर चालणारे नेटवर्क बरे की त्रिमितीय, हेही पाहायचे असेल तर दुप्पट, म्हणजे 25 लाख. स्कॅन 20 च आहेत म्हणून यात काही सूट मिळत नाही.

प्रत्येक फेरी शून्यापासून का करावी लागते, हा खर्चाचा खरा गाभा आहे. जुन्या संख्याशास्त्रातल्या सरळ रेषेच्या प्रारूपाला ही अडचण नाही. तिथे प्रारूप एकदाच बसवले, की अमुक एक नोंद वगळली असती तर तिच्यासाठीचा अंदाज किती चुकला असता, हे एका सूत्राने काढता येते. न्यूरल नेटवर्कसाठी असे नेमके सूत्र नाही. त्याचे आकडे यादृच्छिक ठिकाणाहून निघून लाखो पायऱ्यांनी कुठेतरी पोहोचतात आणि त्या वाटेतून एका रुग्णाचा प्रभाव नेमका वजा करता येत नाही.

मग पहिल्या फेरीत शिकलेले नेटवर्क घेऊन दुसरी फेरी तिथूनच पुढे सुरू केली तर? वेळ नक्की वाचेल, पण पेपर फुटलेला असेल. दुसऱ्या फेरीत तपासायचे चार रुग्ण पहिल्या फेरीत शिकवण्याच्या सोळांमध्ये होते आणि त्यांच्या खुणा त्या आकड्यांत मुरलेल्या आहेत. गुण छान येतील आणि बाहेरच्या रुग्णालयाचा स्कॅन आला की कोसळतील. एकाच रुग्णाचे काही काप शिकवण्यात आणि काही तपासण्यात गेले तरी हेच घडते, म्हणून वाटणी नेहमी रुग्णांची करायची, कापांची नाही. एरवी सरासरी असलेल्या पद्धतीला अचानक फार उंच गुण मिळाले तर मी आधी वाटणीची फाइल उघडून पाहीन. nnU-Net मध्ये ती splits_final.json या नावाने असते.

पाच यंत्रे मिळाली तर पाचही फेऱ्या एकाच वेळी चालवता येतात, कारण त्या एकमेकींवर अवलंबून नसतात. त्याने वाट पाहणे कमी होते, पण वीज आणि यंत्राचे भाडे तेवढेच लागते. खरा भार वाढतो तो पर्याय निवडताना. समजा, शिकण्याचा वेग, थरांची संख्या वगैरे बदलून 12 पर्याय तपासायचे आहेत. पाच फेऱ्यांच्या गुणांवरूनच सर्वांत वरचा पर्याय उचलला आणि तेच गुण जाहीर केले, तर ते थोडे फुगलेले असतात, कारण बारांपैकी पहिला येणाऱ्याला काही वाटा नशिबाचाही मिळतो. प्रामाणिक मार्ग म्हणजे प्रत्येक बाहेरच्या फेरीतल्या 16 रुग्णांचे आत पुन्हा चार गट करायचे, तिथे पर्याय निवडायचा आणि मगच बाहेरच्या चारांवर एकदाच तपासायचे. आता हिशेब 5 गुणिले 4 गुणिले 12, म्हणजे 240 प्रशिक्षणे, आणि निवडलेल्या पर्यायाची शेवटची 5. एका प्रशिक्षणाला एक दिवस धरला तर एका यंत्रावर 245 दिवस. म्हणून बरेच जण आतली पायरी सोडतात. पर्याय दोन-चारच असतील तर मला ते मान्य आहे. शेकडो असतील तर नाही.

इतके करूनही एक गोष्ट मिळत नाही. पाच फेऱ्यांचे गुण थोडे वेगळे येतात आणि त्यांच्या फरकावरून सरासरी किती भरवशाची हे काढण्याचा मोह होतो. पण कोणत्याही दोन फेऱ्यांमध्ये शिकवण्याचे 12 रुग्ण सामाईक असतात, म्हणून ती पाच स्वतंत्र मोजमापे नव्हेत. योशुआ बेंजिओ आणि इव्ह ग्रांव्हाले यांनी 2004 मध्ये सिद्ध केले, की या पद्धतीच्या निकालातली अनिश्चितता कोणत्याही परिस्थितीत पक्षपाताविना मोजू शकेल असा अंदाजक अस्तित्वात नाही. त्यामुळे शोधनिबंधात केवळ सरासरी न देता वीसही रुग्णांचे गुण वेगवेगळे छापावेत असे मला ठामपणे वाटते. धूसर स्कॅनचा तो 0.70 डॉक्टरांना तिथेच दिसेल.

पाच नेटवर्क तपासणीनंतर टाकून द्यावी लागत नाहीत. nnU-Net नव्या रुग्णाचा स्कॅन पाचांनाही दाखवते आणि त्यांच्या उत्तरांची सरासरी घेते. एकाची चूक बाकीचे चार बहुधा सावरतात. त्यासाठी प्रत्येक नव्या रुग्णामागे पाचपट गणित करावे लागते. शिवाय हाती असलेले 0.909 हे 16 रुग्णांवर शिकलेल्या एकेकट्या नेटवर्कचे गुण आहेत. पाचांच्या एकत्रित उत्तराचे गुण या 20 स्कॅनमधून निघूच शकत नाहीत, कारण त्यातला प्रत्येक रुग्ण पाचांपैकी चार नेटवर्कनी आधीच पाहिलेला असतो. ते फक्त आयोजकांकडच्या त्या 10 स्कॅनवर मोजता येतात.