रक्त चढवताना लागलेली धाप

रक्त चढवताना थंडी वाजली, अंगावर पित्त उठलं की वॉर्डात लगेच लक्ष जातं. धाप मात्र बऱ्याचदा 'म्हातारं माणूस आहे, घाबरलं असेल' म्हणून सोडून दिली जाते. तिच्यामागे दोन वेगळे आजार असू शकतात: टॅको आणि ट्राली.

समजा, बहात्तर वर्षांच्या आजी आहेत. वजन 40 किलो, हिमोग्लोबिन 5.8, हृदय आधीच कमजोर. रक्त कमी म्हणून एकामागोमाग दोन पिशव्या लावल्या. दुसरी निम्मी होते तोच आजी उठून बसतात, आडवं व्हायला तयार नाहीत. बीपी 130 वरून 180 वर, मानेची शीर फुगलेली. हा टॅको. रक्तात दोष नाही. वाढलेला द्रव हृदयाला पुढे ढकलता येत नाही आणि तो फुप्फुसात साचतो. लघवी वाढवणाऱ्या इंजेक्शनने बहुधा उतार पडतो.

ट्रालीत हृदयाचा दोष नसतो. दात्याच्या प्लाझ्मातल्या अँटिबॉडी रुग्णाच्या पांढऱ्या पेशींना चेतवतात, फुप्फुसातल्या केशवाहिन्या झिरपू लागतात. अशा अँटिबॉडी अनेक बाळंतपणं झालेल्या स्त्रियांच्या रक्तात अधिक आढळतात. हा त्रास सहा तासांच्या आत होतो. टॅको बारा तासांपर्यंतही दिसू शकतो. ट्रालीत बीपी बहुधा पडतं, ताप येतो आणि लघवीच्या इंजेक्शनचा उपयोग होत नाही, उलट बीपी आणखी घसरू शकतं. ऑक्सिजन आणि गरज पडल्यास व्हेंटिलेटर हाच आधार. नुसत्या तापावर मात्र निवाडा करू नये, टॅकोतही तो येतो. म्हणून रक्त लावण्याआधीचं बीपी कागदावर नसेल, तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

टॅको पुष्कळदा टाळता येतो, पण हिशोब अडचणीचा आहे. अशा रुग्णाला ताशी किलोमागे एक मिलिलिटर, म्हणजे आजींना ताशी 40. तीनशे मिलिलिटरच्या पिशवीला साडेसात तास लागतील आणि पिशवी तर चार तासांत संपवायची असते. चार तासांत बसवायचं म्हटलं तर ताशी 75, म्हणजे जवळपास दुप्पट वेग. उपाय एकच: ब्लड बँकेकडून पिशवी आधीच दोन भागांत मागून घ्यायची. दीडशे मिलिलिटर चार तासांत म्हणजे मिनिटाला बारा-तेरा थेंब, सेट 20 थेंबांचा असेल तर. पाकिटावर आकडा छापलेला असतो. दुसरा भाग आजींना पुन्हा तपासल्यावरच.

धाप लागली की आधी रक्त बंद, शीर सलाइनने अगदी हळू चालू ठेवायची, रुग्णाला बसवून ऑक्सिजन लावायचा आणि डॉक्टरांना हाक मारायची. पिशवी सेटसकट ब्लड बँकेत जाते. ट्रालीचा संशय असेल तर तिथे फोनही तेव्हाच करावा, कारण त्याच दात्याचं प्लाझ्मा किंवा प्लेटलेट दुसऱ्या कुणाला लावायच्या तयारीत असू शकतात.