अ‍ॅपच्या वर्णनलेखाचे परीक्षण : कोंडाणे लेण्यांच्या मार्गदर्शक अ‍ॅपचा एक नमुना

मोबाइलवरील अ‍ॅपच्या दुकानात ग्राहक प्रथम वर्णनलेख वाचतो व सोबतची पडद्याची चित्रे पाहतो. या दोहोंचे परीक्षण कसे करावे, हे एका नमुन्याच्या आधारे दाखविण्याचा येथे विचार आहे. नमुना अभ्यासाकरिता रचलेला आहे. स्थळ मात्र खरे आहे. कर्जत तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंडाणे येथे प्राचीन बौद्ध लेणी आहेत. त्यांची वाट दाखविणाऱ्या अ‍ॅपचे वर्णन पुढीलप्रमाणे आहे असे समजू :

“सर्वोत्तम ट्रेक अ‍ॅप! कोंडाणे, कोंडाणा, कोंढाणा, सिंहगड, कर्जत ट्रेक, कर्जत लेणी, राजमाची ट्रेक, पावसाळी ट्रेक. अत्याधुनिक तंत्रज्ञानाने सज्ज, अद्वितीय अनुभव. संपूर्ण मराठीत. इंटरनेटशिवाय चालणारा नकाशा.”

पहिला प्रश्न लाभाचा. प्रत्येक वाक्यापुढे ‘म्हणजे वाचकास काय करता येईल?’ असे विचारावे. ‘अत्याधुनिक तंत्रज्ञान’ या शब्दांस उत्तर देता येत नाही. ते काढल्याने काहीच उणे होत नाही. उत्तर देणारे खरे वाक्य एकच, ते नकाशाचे, आणि तेच सर्वांच्या शेवटी पडले आहे. गूगल प्लेवर संक्षिप्त वर्णनास 80 वर्णांची व पूर्ण वर्णनास 4000 वर्णांची मर्यादा आहे. पुष्कळसे वाचक पूर्ण वर्णन उघडतही नाहीत. म्हणून हे वाक्य संक्षिप्त वर्णनातच यावयास हवे.

दुसरा प्रश्न शोधशब्दांच्या भरण्याचा. लेखकाचा हेतू उघड आहे : कोणी काहीही शोधले तरी अ‍ॅप पुढे यावे. परंतु येथे नावाचाच घोटाळा आहे. कोंढाणा हे पुण्याजवळील सिंहगडाचे जुने नाव. कोंडाणे हे कर्जतजवळचे गाव. सिंहगड शोधणारा मनुष्य या पानावर येईल, लेणी पाहून परत जाईल, किंवा अ‍ॅप उतरवून लगेच काढून टाकील. शिवाय शब्दांच्या अशा याद्या व पुनरुक्ती गूगल प्लेच्या नियमांस मान्य नाहीत. अ‍ॅपलच्या दुकानात शोधशब्दांसाठी 100 वर्णांचा स्वतंत्र रकाना असतो व तो ग्राहकास दिसत नाही. तेथे तर वर्णनात यादी देण्यास निमित्तही उरत नाही. मग भरणा ओळखावा कसा? मजकूर मोठ्याने वाचावा. जो शब्द वाक्यात कर्ता, कर्म वा विशेषण म्हणून काही काम करीत नाही, तो यंत्रासाठी घातलेला आहे. ‘कर्जत तालुक्यातील कोंडाणे’ एवढे म्हटले की शोधही साधतो आणि सिंहगडाचा भ्रमही टळतो.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि परीक्षक बहुधा तोच घाईने उरकतात. वर्णन बाजूस ठेवून आधी केवळ चित्रे पाहावीत, त्यांवरील मथळे व पडद्यात दिसणारी अक्षरे जशीच्या तशी उतरून घ्यावीत, आणि मग दोन्ही दिशांनी ताळा पाहावा. आपल्या नमुन्यात दुसऱ्या चित्रावर ‘ऑफलाइन नकाशा’ असा मथळा आहे. पण आतील पडद्यावर `Download map` असे बटण दिसते. या एका बटणाने दोन विधाने डळमळतात. अ‍ॅप संपूर्ण मराठीत नाही, आणि नकाशा आपोआप नेटशिवाय चालत नाही, तो आधी उतरवावा लागतो. ही अट न कळलेला मनुष्य पावसाळी धुक्यात खोऱ्यात पोहोचून मोबाइल उघडील, संकेत नसेल, आणि वाटेच्या ऐवजी कोरा पडदा दिसेल. उलट दिशेने पाहता तिसऱ्या चित्रात स्थानिक वाटाड्यांचे दूरध्वनी क्रमांक दिसतात. वर्णनात त्यांचा उल्लेखच नाही. दाखविण्याजोगा लाभ असा दडून राहतो.

मात्र ताळा जुळला म्हणून विधान खरे ठरत नाही. चित्र आणि वर्णन दोन्ही मिळून चुकीचे असू शकतात. त्यासाठी अ‍ॅप नव्याने उतरवून मोबाइल ‘विमान’ स्थितीत ठेवावा व नकाशा उघडावा. नंतर जाळे जोडून नकाशा उतरवून तीच कृती पुन्हा करावी. पहिल्या वेळी कोरा पडदा व दुसऱ्या वेळी नकाशा दिसला, तर अट खरी आणि वर्णनातील विधान अपुरे.

एवढे झाल्यावर संक्षिप्त वर्णन असे लिहिता येईल : “कर्जतहून कोंडाणे लेण्यांची वाट, नकाशा आधी उतरवा, नेटशिवाय पाहा”. देवनागरीत ‘कोंडाणे’ डोळ्यांस तीन अक्षरांचे दिसते, पण काना, मात्रा व अनुस्वार वेगळे धरल्यास सात चिन्हे होतात. त्या हिशेबानेही हे वाक्य 62 चिन्हांत बसते. दुसऱ्या चित्राचा मथळाही ‘आधी उतरवा, मग नेटशिवाय पाहा’ असा करावा, आणि बटण मराठी होईपर्यंत ‘संपूर्ण मराठीत’ हे शब्द वर्णनातून काढून ठेवावेत.