दीड मिनिटाचं निवेदन

दीड मिनिटाच्या माहितीपर व्हिडिओत फार तर पावणेदोनशे शब्द बसतात. मराठी निवेदन मिनिटाला 110 ते 120 शब्दांच्या पुढे गेलं की ऐकणाऱ्याची दमछाक होते. एवढ्या तुटपुंज्या शब्दांत ‘नमस्कार मंडळी, आजच्या व्हिडिओमध्ये आपण एका अत्यंत महत्त्वाच्या विषयाची माहिती घेणार आहोत’ हे वाक्य सहा-सात सेकंद खातं आणि सांगत काहीच नाही.

क्यूआर कोड स्कॅन करायला लावून होणारी फसवणूक हा विषय घेऊ. नवखी संहिता हमखास अशी सुरू होते: ‘यूपीआय ही 2016 साली सुरू झालेली पैसे पाठवण्याची व्यवस्था आहे.’ बरोबर आहे, पण त्यावाचून कुणाचं काही अडलेलं नसतं. सुरुवातीला हवी ती एखाद्या माणसाची अडचण:

‘जुना सोफा विकायचा म्हणून तुम्ही जाहिरात टाकलीत. फोन आला, भाव ठरला. गिऱ्हाईक म्हणालं, पाच हजार आगाऊ देतो. कोड पाठवलाय, स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. तुम्ही पिन टाकलात. आणि तुमच्याच खात्यातून पाच हजार गेले. कसे गेले?’

हे वाचायला वीसेक सेकंद लागतात. त्यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा, कारण पुढचं प्रत्येक वाक्य त्याच्याच उत्तराकडे जायला हवं. जे जात नसेल ते कितीही चांगलं असलं तरी काढून टाकायचं. यूपीआयचा इतिहास इथेच गळतो.

आता उलगडा. याला पन्नास-पंचावन्न सेकंद, म्हणजे शंभरेक शब्द मिळतात, आणि तेवढ्यात एकच कल्पना नीट पोचते. ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीपासून निघावं: ‘बँकेत स्लिपवर सही करून आपण पैसे काढतो. पण दुसरं कुणी आपल्या खात्यात पैसे भरत असेल, तर आपली सही कोण मागतं? पिन म्हणजे तुमची सही. आणि कोडमध्ये लिहिलेलं असतं, पैसे कुणाला द्यायचे. त्या कोडमध्ये नाव गिऱ्हाइकाचं होतं. म्हणजे तुम्ही पैसे घेत नव्हता, देत होता.’ यात अवघड शब्द एकही नाही आणि वाक्यं आखूड आहेत. ऐकणाऱ्याला मागचं वाक्य पुन्हा वाचायची सोय नसते, म्हणून वाक्यात वाक्य अडकवायचं नाही. कोडमधलं नाव पडद्यावर दिसत असताना निवेदकाने ‘इथे आपल्याला नाव दिसत आहे’ असंही म्हणू नये. चित्राला त्याचं काम करू द्यावं.

सोपं करताना लोक घसरतात ते मात्र वेगळ्याच ठिकाणी. ‘पिन टाकला की पैसे गेलेच’ हे वाक्य सुटसुटीत आहे, पण चूक आहे. खात्यातली शिल्लक बघतानाही पिन टाकावा लागतो. ‘पिनशिवाय पैसे जाऊच शकत नाहीत’ हेही चूक, कारण यूपीआय लाइटमधून लहान रकमा पिनशिवाय जातात. ‘पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही’ हे तितकंच सोपं आहे आणि खरंही आहे. असं वाक्य सापडेपर्यंत खोडाखोड करावी लागते, आणि संहिता लिहिण्यातला निम्मा वेळ माझ्या मते याच एका वाक्यावर जायला हवा. प्रेक्षकाला एक जरी अपवाद रोजच्या वापरात भेटला, तरी त्याचा सगळ्या व्हिडिओवरचाच विश्वास उडतो.

उरलेल्या दहा-पंधरा सेकंदांत उजळणी: ‘पैसे घ्यायला पिन लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही. कुणी तसं सांगितलं, तर फोन ठेवा.’ सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर आणि करायची एक कृती, बस्स. इथे नवी माहिती घुसडायचा मोह होतो. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी 1930 हा क्रमांक आहे, तो द्यायलाच हवा, पण पडद्यावर. ‘पैसे गेल्यावर काय करायचं’ हा वेगळा प्रश्न आहे, त्याला वेगळा व्हिडिओ हवा.

रेकॉर्डिंगआधी संहिता फोनवर मोठ्याने वाचून सेकंद मोजा. मग विषय ठाऊक नसलेल्या कुणाला तरी एकदाच ऐकवा. ‘समजलं का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘उद्या तुला कुणी पैसे पाठवायचे म्हणाला, तर तू काय करशील?’ असं विचारा. उत्तर ‘पिन जपून टाकीन’ असं आलं, तर उजळणीला हात लावू नका. उलगडा पुन्हा लिहा.