पेट्रोलवर मिसिंग, गॅसवर ठणठणीत : सीएनजी व्हॅनचा बिघाड बहुतेक वेळा इंजेक्टरमध्ये, कसा ओळखायचा?

निफाड : तालुक्यात भाजीपाला, दूध आणि शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या अनेक लहान व्हॅन आता पेट्रोल आणि सीएनजी अशा दोन्हींवर चालतात. या गाड्यांमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते. सकाळी गाडी चालू केली की थरथरते, मिसिंग मारते, पेट्रोलचा उग्र वास येतो आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो. थोड्या वेळाने गॅसवर गेली की सगळं आपोआप बंद. मग मालक म्हणतो, "जाऊ दे, चालतीय ना." पण हे दुखणं तसंच ओढलं तर इंजिनचं ऑइल आणि सायलेन्सर दोन्हींना खातं. आणि पेट्रोल बाहेर गळत असेल तर गाडी पेटण्याचाही धोका असतो.

इंजेक्टर काय करतो?

गावाकडे याला नोझल म्हणतात. जुन्या गाडीत जे काम कार्ब्युरेटर करायचा, ते आता इंजेक्टर करतो. प्रत्येक सिलिंडरला एक, म्हणजे चार सिलिंडरच्या गाडीत चार इंजेक्टर असतात. चारही एका नळीवर बसवलेले असतात, तिला रेल म्हणतात. टाकीतला पंप या रेलमध्ये साधारण ३ ते ४ बार दाबाने पेट्रोल भरून ठेवतो. संगणकाकडून करंट आला की इंजेक्टरमधली बारीक सुई उचलली जाते, पेट्रोलचा फवारा उडतो आणि सुई लगेच खाली बसते. गाडी उभ्यानं चालू असताना, म्हणजे आयडलवर, हे उघडणं फक्त दोन-तीन मिलिसेकंदांचं असतं. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर प्रत्येक इंजेक्टर मिनिटाला ४०० वेळा उघडतो आणि बंद होतो.

म्हणूनच बिघाड आधी आयडलवर कळतो. त्या वेळी पेट्रोल अगदी थोडं लागतं, त्यामुळे दोन थेंब कमी-जास्त झाले तरी सिलिंडर नीट पेटत नाही. रस्त्यावर वेगात असताना पेट्रोल जास्त जातं, मग तेवढाच फरक जाणवत नाही.

इंजेक्टर दोन प्रकारे बिघडतो. तोंडाशी चिकट थर बसला तर फवारा वाकडा आणि कमी पडतो, त्या सिलिंडरला पेट्रोल अपुरं मिळतं. दुसरा प्रकार गळतीचा. सुई पूर्ण बसत नाही, त्यामुळे गाडी बंद असतानाही आत पेट्रोल टिपकत राहतं. मिसिंग दोन्हींत होतं, पण पेट्रोलचा वास आणि काळा धूर ही गळतीची खूण आहे.

सीएनजी गाडीतच हे जास्त का?

गाडी दिवसभर गॅसवर पळते. पेट्रोल फक्त चालू करताना एक-दोन मिनिटं वापरलं जातं. बाकीचा वेळ पेट्रोलचे इंजेक्टर गरम इंजिनजवळ रिकामे बसून असतात. त्यांच्या तोंडाशी राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे डिंकासारखा थर उरतो. त्यात टाकीत दोन-चार लिटर पेट्रोल महिनोन्‌महिने तसंच पडून असतं. जुनं पेट्रोल थर जास्त धरतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी ओढून घेतं, आणि टाकी रिकामी असली की आतल्या हवेतला ओलावाही त्यात उतरतो.

एका व्हॅनचं उदाहरण

पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला टोमॅटोचे क्रेट नेणाऱ्या एका चार सिलिंडरच्या व्हॅनला हाच त्रास होता. पहाटे दोन-तीनदा सेल्फ मारल्याशिवाय गाडी चालू होत नव्हती. चालू झाली की काळा धूर आणि वास. गॅसवर गेल्यावर दोन-तीन मिनिटांत गाडी सुरळीत. मालकाने आधी चारही स्पार्क प्लग बदलले. दहा दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच.

गॅरेजमध्ये मिस्त्रीने स्कॅनर लावला. कोड आला P0303. यातला शेवटचा आकडा सिलिंडरचा असतो. म्हणजे तिसरा सिलिंडर मिस होतोय. P0301 आला असता तर पहिला, आणि P0300 म्हणजे एकापेक्षा जास्त सिलिंडर किंवा नेमका कोणता ते ठरत नाही. मालकाने लगेच विचारलं, "म्हणजे नोझल गेला का?" मिस्त्री म्हणाला, "काका, कोड फक्त घर दाखवतो, चोर नाही दाखवत." सिलिंडर मिस व्हायला प्लग, कॉइल, इंजेक्टर, कॉम्प्रेशन यातलं काहीही कारण असू शकतं.

मग त्याने इंजिन पूर्ण गरम होऊ दिलं आणि डॅशबोर्डवरच्या बटणाने गाडी आधी गॅसवर, मग पुन्हा पेट्रोलवर घेतली. गॅसवर चाल एकसारखी, पेट्रोलवर घेताच थरथर. ही तपासणी गरम इंजिनवरच करायची. थंड गाडी गॅसवर जाईपर्यंत गरम झालेली असते, त्यामुळे ती गॅसमुळे सुधारली की गरम झाल्यामुळे, हे कळत नाही. प्लग, कॉइल आणि कॉम्प्रेशन दोन्ही इंधनांना तेच असतं. ते खराब असते तर गाडी गॅसवरही मिस झाली असती. तेवढ्यावरून संशय पेट्रोलच्या बाजूला गेला.

खात्रीसाठी पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइल अदलाबदल केल्या, कोड पुसला आणि पेट्रोलवर चालवली. कोड पुन्हा P0303 च आला. कॉइल खराब असती तर कोड P0301 झाला असता. प्लग काढून पाहिले तेव्हा तीन फिकट तपकिरी आणि कोरडे होते. तिसरा मात्र काळा, ओला आणि पेट्रोलचा वास मारत होता. कमी पेट्रोल मिळणाऱ्या सिलिंडरचा प्लग असा ओला-काळा सहसा नसतो, तो पांढरट कोरडा असतो. म्हणजे इथे पेट्रोल जास्त जात होतं.

मग रेलला दाबाचं मीटर लावलं. चावी फिरवल्यावर ३ बार दाब आला, पण चावी बंद केल्यावर दहा मिनिटांत तो निम्म्यावर उतरला. चांगल्या गाडीत तो बराच वेळ टिकतो. दाब पंपाच्या वाल्वमधूनही मागे उतरू शकतो, म्हणून मीटरवर थांबून चालत नाही. शेवटी कॉइलची वायर काढून, रेल इंजेक्टरसकट उचलली आणि दाब देऊन तोंडं पाहिली. तीन कोरडी. तिसऱ्याच्या टोकाला थेंब जमला आणि टिपकला.

सफाईने काय सुटतं, काय नाही

चारही इंजेक्टर तालुक्याच्या गावातल्या टेस्ट बेंचवर दिले. तिथे ठराविक वेळ फवारा सोडून काचेच्या नळ्यांत माप घेतात. सफाईआधी पहिला ६२, दुसरा ६०, तिसरा ६७ आणि चौथा ५१ मिलिलिटर भरला. म्हणजे तिसरा गळत होता आणि चौथा चोंदलेला होता, त्याचा त्रास तिसऱ्याच्या गोंधळात झाकला गेला होता. अल्ट्रासोनिक सफाईनंतर चौथा ६१ वर आला. तिसऱ्याचं माप ६३ झालं, पण दाब देऊन बंद ठेवल्यावर थेंब थांबला नाही. सुईची बसायची जागाच झिजली असेल तर कितीही धुतलं तरी फायदा नाही. तो एक नवीन घेतला, बाकी तीन तेच ठेवले. चारहींचे ओ-रिंग आणि आतली बारीक जाळी नवीन टाकली. उघडलेली जुनी ओ-रिंग पुन्हा बसवू नये, ती कडक झालेली असते.

टाकीत ओतायची सफाईची बाटली हलका थर असेल तर थोडीफार मदत करते. गळती त्याने बंद होत नाही.

ऑइल बघायला विसरू नका

त्या व्हॅनची डिपस्टिक काढली तर ऑइल खुणेच्या वर आलं होतं आणि त्याला पेट्रोलचा वास होता. रात्रभर टिपकलेलं पेट्रोल पिस्टनच्या रिंगांमधून खाली ऑइलमध्ये उतरतं. असं पातळ ऑइल बेअरिंगला नीट वंगण देत नाही. म्हणून इंजेक्टर बदलल्यावर ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलावाच लागतो. ऑइल न टाकता पातळी वाढली तर खूश होऊ नका, आधी वास घ्या.

न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो आतून वितळतो. त्याची किंमत इंजेक्टरपेक्षा कितीतरी जास्त असते. चेक इंजिनचा दिवा नुसता लागला तर गाडी सावकाश गॅरेजला न्यावी. तो लुकलुकत असेल तर मिसिंग जोरात आहे, तेव्हा गाडी बाजूला घेऊन बंद करावी.

वास कुठून येतो?

वास सायलेन्सरकडून येत असेल तर गळती आत आहे. बॉनेट किंवा सीटखालच्या इंजिनजवळून येत असेल आणि इंजेक्टरच्या बुडाशी ओलावा दिसत असेल तर ओ-रिंग फाटलेली असू शकते. ही गळती सगळ्यात धोक्याची, कारण पेट्रोल थेट गरम इंजिनवर पडतं. अशी गाडी चालू करून बघू नये, गॅसवरही नको. ढकलत किंवा टो करून न्यावी. विडी-काडी लांब ठेवावी. रेल रस्त्याच्या कडेला उघडू नये, आत दाबाने पेट्रोल असतं आणि ते अंगावर उडतं. दाब उतरवून, बॅटरीची वायर काढून, उघड्या हवेशीर जागेतच ती खोलावी. दाब देऊन थेंब बघायची तपासणी घरी करायचीच नाही.

पुन्हा होऊ नये म्हणून

त्या व्हॅनच्या मालकाला मिस्त्रीने दोनच गोष्टी सांगितल्या. आठवड्यातून एकदा गाडी गरम असताना पंधरा-वीस किलोमीटर पेट्रोलवर चालवायची. आणि टाकीत पाव टाकी तरी पेट्रोल ठेवायचं, ते महिन्या-दीड महिन्यात संपवून नवीन भरायचं. बाटलीतलं, कॅनमधलं साठवलेलं पेट्रोल टाकीत ओतायचं नाही.

गाडी गॅसवरही मिस होत असेल तर मात्र इंजेक्टर खोलायची घाई करू नये. तेव्हा आधी प्लग, कॉइल आणि कॉम्प्रेशन तपासून घ्यावं.